ग्रामपंचायतीची अखर्चित शिल्लक पुढे कशी ओढायची आणि नव्या अंदाजपत्रकात आरंभीची व अखेरची शिल्लक कशी दाखवायची

अंदाजपत्रकाच्या जमा बाजूला पहिलीच ओळ असते ‘आरंभीची शिल्लक’. बहुतेक ग्रामपंचायतींत ही ओळ सर्वांत शेवटी भरली जाते. जमा आणि खर्च जुळेनात, की जो फरक उरतो तो तिथे लिहून मोकळे व्हायचे. मग एप्रिलमध्ये रोकडवही एक आकडा सांगते, मंजूर अंदाजपत्रक दुसरा आणि लेखापरीक्षक तिसरा. पुढचे सगळे वर्ष त्या चुकीच्या आकड्यावर कामे मंजूर होत राहतात, आणि जानेवारीत कळते की ठरावात पैसे आहेत, खात्यात नाहीत.

चूक होण्याचे कारण साधे आहे. अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होते आणि वर्ष संपते 31 मार्चला. म्हणजे अंदाजपत्रक लिहिताना आरंभीची शिल्लक ही अजून न घडलेली गोष्ट असते. तिचा अंदाज बांधायचा असतो आणि एप्रिलमध्ये खरा आकडा आला की अंदाज दुरुस्त करायचा असतो. लोक अंदाज मनाने बांधतात आणि दुरुस्ती करतच नाहीत. खाली दोन्ही कामे क्रमाने दिली आहेत. उदाहरणासाठी 2024-25 हे सरते वर्ष आणि 2025-26 हे अंदाजपत्रकाचे वर्ष धरले आहे. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत.

## टप्पा 1 : टेबलावर काय काय हवे

नमुना 5 ची सामान्य रोकडवही, नमुना 26 ची जमा आणि खर्चाची मासिक विवरणे, नमुना 17 ची अनामत नोंदवही आणि प्रत्येक बँक खात्याचे आजपर्यंत भरून आणलेले पासबुक. त्याबरोबर गेल्या वर्षीचे नमुना 3 चे जमाखर्च विवरण. यातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच, कारण त्यातली 31 मार्च 2024 ची अखेरची शिल्लक म्हणजे 1 एप्रिल 2024 ची आरंभीची शिल्लक. ती रुपया-पैशासह रोकडवहीच्या 1 एप्रिलच्या पानाशी जुळली पाहिजे.

पडताळणी : जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. मागच्या वर्षीचा फरक या वर्षी आपोआप मिटत नाही, तो दरवर्षी पुढे सरकत राहतो. आधी फरक कुठल्या प्रमाणकात आहे ते शोधा.

## टप्पा 2 : एक शिल्लक नव्हे, निधीनिहाय शिल्लक

ग्रामपंचायतीची शिल्लक हा एक आकडा नसतो. ग्रामनिधीचे पैसे वेगळे, पाणीपुरवठा निधीचे वेगळे, वित्त आयोगाचे वेगळे, आणि ठेकेदारांच्या अनामती तर ग्रामपंचायतीच्या नव्हेतच. वित्त आयोगाच्या पैशातही बंधित आणि अबंधित असे दोन भाग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात 60 टक्के रक्कम बंधित आहे. ती पाणी आणि स्वच्छतेच्या कामांवरच खर्च करता येते. दोन्ही भाग एकाच खात्यात असले तरी कागदावर वेगळे ठेवावेच लागतात.

म्हणून एक तक्ता करा. प्रत्येक निधीला एक ओळ आणि चार रकाने : आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. 2024-25 साठी डिसेंबरअखेरपर्यंतची प्रत्यक्ष रक्कम नमुना 26 मधून घ्या आणि जानेवारी ते मार्चचा अंदाज त्यात मिळवा. ही बेरीज म्हणजे चालू वर्षाचा सुधारित अंदाज.

आपल्या उदाहरणात ग्रामनिधीचे असे होते. आरंभी 1,80,000 होते. डिसेंबरअखेर 4,10,000 जमा झाले आणि मार्चपर्यंत आणखी 2,40,000 येतील असे वाटते, म्हणजे जमा 6,50,000. खर्च 3,90,000 झाला आहे आणि 2,80,000 व्हायचा आहे, म्हणजे 6,70,000. अखेरची शिल्लक 1,60,000. बाकीच्या निधींचेही असेच करून पूर्ण तक्ता असा दिसतो :

| निधी | आरंभीची | जमा | खर्च | अखेरची |
|---|---|---|---|---|
| ग्रामनिधी | 1,80,000 | 6,50,000 | 6,70,000 | 1,60,000 |
| पाणीपुरवठा | 60,000 | 2,20,000 | 2,45,000 | 35,000 |
| वित्त आयोग, बंधित | 2,50,000 | 5,40,000 | 4,70,000 | 3,20,000 |
| वित्त आयोग, अबंधित | 1,00,000 | 3,60,000 | 4,00,000 | 60,000 |
| अनामत | 40,000 | 15,000 | 10,000 | 45,000 |
| एकूण | 6,30,000 | 17,85,000 | 17,95,000 | 6,20,000 |

जानेवारी ते मार्चच्या वसुलीचा अंदाज बांधताना नमुना 9 मधली सगळी थकबाकी मार्चमध्ये येईल असे धरण्याचा मोह होतो. तो टाळा. मागच्या दोन-तीन वर्षांत याच तिमाहीत प्रत्यक्ष किती वसूल झाले ते पाहा आणि तोच आधार धरा.

सावधान : थकबाकी म्हणजे शिल्लक नव्हे. थकीत घरपट्टी हे येणे आहे, हातात किंवा बँकेत असलेला पैसा नव्हे. ती जमा बाजूला ‘मागील वसुली’ म्हणून येते, आरंभीच्या शिल्लकेत कधीच नाही.

पडताळणी : आडवी आणि उभी, दोन्ही बेरीज करा. एखाद्या निधीची अखेर उणे येत असेल तर दुसऱ्या निधीचा पैसा तिकडे वापरला गेला आहे. एकूण आकडा चांगला दिसत असल्याने ही गोष्ट झाकली जाते. तक्ता निधीनिहाय करण्याचे मुख्य कारण हेच.

## टप्पा 3 : शिल्लक पुढे नेता येते का, ते आधी ठरवा

अखर्चित राहिलेला प्रत्येक रुपया पुढे नेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला असतोच असे नाही. प्रत्येक निधीसाठी तीनपैकी एक उत्तर द्या.

पहिले, मोकळी शिल्लक. ग्रामनिधीतला जो भाग कशासाठीही बांधलेला नाही, तो पुढच्या वर्षी कुठल्याही मंजूर बाबीवर वापरता येतो.

दुसरे, बांधलेली शिल्लक. वित्त आयोगाचा बंधित भाग पुढच्या वर्षीही बंधितच राहतो. वर्ष बदलले म्हणून तो अबंधित होत नाही. हीच गोष्ट ग्रामनिधीतल्या राखीव टक्क्यांची. मागासवर्गीय कल्याणासाठीचे 15 टक्के, महिला व बालकल्याणाचे 10 टक्के आणि दिव्यांग कल्याणाचे 5 टक्के यांतले जे खर्च झाले नाही ते त्या-त्या बाबीचा अनुशेष म्हणून दाखवावे लागते. लेखापरीक्षणात हा आक्षेप नेहमी येतो, कारण पैसे ग्रामनिधीच्याच खात्यात असतात आणि वेगळे ओळखू येत नाहीत.

तिसरे, परत करायची रक्कम. एखाद्या योजनेच्या मंजुरी आदेशात खर्चाची मुदत दिलेली असते आणि उरलेली रक्कम परत भरण्याची अट असते. अशी रक्कम आरंभीच्या शिल्लकेत येईल, कारण 1 एप्रिलला ती खात्यात आहे. पण खर्च बाजूला लगेच ‘अखर्चित अनुदान परतावा’ ही ओळ त्याच रकमेची हवी. ही ओळ नसेल तर त्या पैशावर नवी कामे धरली जातात.

प्रत्येक अनुदानाचा आदेश काढून वाचा. ‘मागच्या वर्षी नेली होती, म्हणून याही वर्षी नेतो’ हा आधार चालत नाही.

## टप्पा 4 : दायित्व वेगळे काढा

बांधलेल्या शिल्लकेतही सगळी रक्कम नव्या कामांना उपलब्ध नसते. काही कामांचा कार्यारंभ आदेश निघालेला असतो, काही कामे झालेली असतात आणि फक्त देयक द्यायचे असते. या अपूर्ण कामांचा, म्हणजे स्पीलओव्हरचा, पैसा आधी बाजूला काढायचा.

उदाहरणातल्या बंधित भागात 3,20,000 शिल्लक अपेक्षित आहे. त्यातले 2,40,000 पाइपलाइन दुरुस्तीच्या चालू कामाला लागणार आहेत. नवीन कामांसाठी उरतात 80,000. अंदाजपत्रकात आरंभीची शिल्लक 3,20,000 च दिसेल, पण खर्च बाजूला दोन ओळी हव्यात : ‘2024-25 मधील अपूर्ण कामे 2,40,000’ आणि ‘नवीन कामे’. अपूर्ण कामांची ओळ सोडली तर तेच पैसे ग्रामसभेत दुसऱ्या कामाला मंजूर होतात.

## टप्पा 5 : नमुना 1 मध्ये लिहिणे

आता अंदाजपत्रकात बसायचे. छापील नमुन्यातले रकाने थोडे मागेपुढे असले तरी तत्त्व एकच आहे. चालू वर्षाच्या सुधारित अंदाजाची अखेरची शिल्लक जशीच्या तशी पुढच्या वर्षाच्या रकान्यात आरंभीची शिल्लक म्हणून जाते. उदाहरणात 2025-26 ची आरंभीची शिल्लक 6,20,000, आणि तिच्याखाली पाच निधींची फोड.

मग फक्त नव्या वर्षात प्रत्यक्ष येणाऱ्या रकमा जमा बाजूला लिहा. इथे दुहेरी नोंद होते. वित्त आयोगाची वार्षिक रक्कम 9,00,000 धरली आणि मागचे अखर्चित 3,80,000 पुन्हा ‘अनुदान’ म्हणून त्यात मिळवून 12,80,000 लिहिले, तर तेच 3,80,000 एकदा आरंभीच्या शिल्लकेत आणि एकदा अनुदानात मोजले गेले. खर्चाची मर्यादा खोटीच वाढली.

उशिरा येणाऱ्या हप्त्यांबद्दलही बराच गोंधळ असतो. 2024-25 चा दुसरा हप्ता मे 2025 मध्ये खात्यावर आला, तर तो कुठल्या वर्षाचा? ग्रामपंचायतीचा हिशेब रोखीच्या आधारावर चालतो, म्हणून तो 2025-26 चीच जमा. त्यापुढे ‘2024-25 चा दुसरा हप्ता’ असा शेरा लिहा. 31 मार्चला पैसा खात्यावर नव्हता, तेव्हा तो आरंभीच्या शिल्लकेत येऊ शकत नाही, मग मंजुरीचे पत्र मार्चचे का असेना.

राखीव टक्के काढतानाही आरंभीची शिल्लक हिशेबात घेऊ नका. टक्के त्या वर्षीच्या उत्पन्नावर निघतात. मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर ते एकदा निघालेले आहेत, त्यातले जे खर्च झाले नाही तेवढाच अनुशेष वेगळा मिळवायचा.

शेवटी खर्च लिहा आणि अखेरची शिल्लक काढा. ग्रामनिधीचे उदाहरण : आरंभीची 1,60,000, जमा 7,00,000, खर्च 7,80,000, अखेरची 80,000. ही अखेरची शिल्लक बेरीज-वजाबाकीतून आली पाहिजे. आधी 80,000 ठरवून मग ‘इतर खर्च’ फुगवलेला असेल तर ते लगेच ओळखू येते, कारण ‘इतर’ची रक्कम मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाशी जुळत नाही.

सावधान : अनामतीची 45,000 शिल्लक एकूण आकड्यात असली तरी ती विकासकामांच्या उपलब्ध रकमेत मोजू नका. तिच्यापुढे खर्चाची एकच बाब येऊ शकते, अनामत परतावा.

पडताळणी : प्रत्येक निधीत आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर अखेरची शिल्लक. पाचही निधींत हे जुळल्यावरच एकूण बेरजेकडे जा.

## टप्पा 6 : 31 मार्चला वही बंद करणे

अंदाजपत्रक मंजूर होऊन महिने लोटतात आणि मार्चअखेर येते. या दिवशीचा खरा आकडा मिळवणे हे सगळ्या कामाचे मूळ आहे, म्हणून इथे घाई नको.

31 मार्चला संध्याकाळी हातातली रोख मोजा आणि रोकडवहीच्या हातशिल्लकेशी जुळवा. सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, दोघांच्या सह्या त्या पानावर घ्या. मग प्रत्येक खात्याचा बँक ताळमेळ करा. ताळमेळ म्हणजे पासबुकातला आकडा रोकडवहीत उतरवणे नव्हे. दोन्ही आकडे वेगळे असणारच. ते का वेगळे आहेत, हे नोंदीनिशी दाखवणे म्हणजे ताळमेळ.

ग्रामनिधीचे खाते घेऊ. पासबुकात 31 मार्च 2025 ला 1,71,200 दिसतात आणि रोकडवहीत बँक शिल्लक 1,30,800. दोन धनादेश दिले आहेत पण वटलेले नाहीत : विद्युत दुरुस्तीचा 30,000 आणि स्टेशनरीचा 8,500. ते पासबुकातून वजा केले की 1,32,700 उरतात. तरीही 1,900 चा फरक राहतो. पासबुक पाहिल्यावर कळते की बँकेने 31 मार्चला 1,900 व्याज जमा केले आहे आणि वहीत त्याची नोंद नाही. ती नोंद 31 मार्चच्याच तारखेला घातली की वहीतही 1,32,700 होतात. शिवाय त्या दिवशीच्या घरपट्टीचे 6,300 हातात आहेत, बँकेत ते 2 एप्रिलला भरले जातील. म्हणून ग्रामनिधीची खरी अखेरची शिल्लक 1,39,000.

पासबुकातला 1,71,200 हाच आकडा अंदाजपत्रकात गेला असता, तर ठेकेदार आणि दुकानदाराला आधीच देऊन टाकलेले 38,500 पुन्हा खर्चाला उपलब्ध दिसले असते.

न वटलेल्या धनादेशांच्या तारखाही पाहा. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते. डिसेंबरपूर्वीचा धनादेश अजून यादीत असेल तर तो मुदतबाह्य झाला आहे. तो रद्द करून रक्कम वहीत परत जमा घ्या आणि देणे मात्र जिवंत ठेवा, कारण घेणेकऱ्याचा हक्क धनादेशाबरोबर संपत नाही.

व्याज ज्या निधीच्या रकमेवर मिळाले त्या निधीतच जमा करा. वित्त आयोगाच्या खात्यावरचे व्याज ग्रामनिधीत वळते करू नका.

सावधान : निधी ‘संपवण्यासाठी’ 31 मार्चच्या तारखेचे धनादेश लिहून कपाटात ठेवण्याची पद्धत बंद करा. काम झालेले नाही, मोजमाप नाही, तर तो खर्च नव्हे. वहीत शिल्लक कमी दिसते, बँकेत पैसा तसाच राहतो आणि लेखापरीक्षक सर्वांत आधी तीच यादी मागतो.

वित्त आयोगाच्या रकमांसाठी ई-ग्रामस्वराजवर मार्चचा महिना आणि नंतर वर्ष बंद करावे लागते. बंद करण्यापूर्वी तिथली अखेरची शिल्लक, बँकेचा ताळमेळ आणि नमुना 5, हे तिन्ही आकडे समोरासमोर ठेवा. एकदा चुकीचा आकडा पुढच्या वर्षात गेला की तो परत फिरवणे फार किचकट होते.

## टप्पा 7 : अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक

आता खरे आकडे मिळाले. उदाहरणात दोन फरक पडले. मार्चची वसुली कमी झाल्याने ग्रामनिधीची जमा 6,50,000 ऐवजी 6,29,000 झाली आणि अखेर 1,60,000 ऐवजी 1,39,000 आली. दुसरीकडे गटारीच्या एका कामाचे 1,10,000 चे देयक मार्चमध्ये निघालेच नाही, म्हणून बंधित शिल्लक 3,20,000 ऐवजी 4,30,000 राहिली. पाणीपुरवठा, अबंधित आणि अनामत अंदाजाप्रमाणेच आले.

एकूण शिल्लक झाली 7,09,000. अंदाज होता 6,20,000. म्हणजे 89,000 जास्त. मासिक सभेत एवढेच सांगितले तर सगळे खूश होतील आणि नवे काम सुचवतील. प्रत्यक्षात परिस्थिती उलटी आहे. गटारीचे 1,10,000 कुणाचे तरी देणे आहे. त्यामुळे बंधितमध्ये नव्या कामांना आधीइतकेच 80,000 उरतात. आणि ज्या ग्रामनिधीतून पगार, वीजबिल व किरकोळ दुरुस्त्या चालतात, त्यात 21,000 ची तूट आहे.

शिवाय ग्रामनिधीच्या 1,39,000 मध्येही अनुशेष आहे. समजा मागासवर्गीय कल्याणाचे 28,000, महिला व बालकल्याणाचे 17,000 आणि दिव्यांग कल्याणाचे 9,000 खर्चायचे राहिले. मिळून 54,000. मोकळे उरतात 85,000. सभेपुढे हाच आकडा ठेवायचा.

## टप्पा 8 : एप्रिलमधली दुरुस्ती

मंजूर अंदाजपत्रकातला आकडा खोडून वर नवा लिहायचा नाही. नमुना 3 चे जमाखर्च विवरण तयार झाले की मासिक सभेत फरकाचा तक्ता ठेवा आणि सुधारित किंवा पुरवणी अंदाजपत्रकाचा ठराव घ्या. बाबींमध्ये रक्कम हलवायची असेल तर नमुना 2 मध्ये पुनर्विनियोजन दाखवा. मूळ अंदाजपत्रक जिकडे पाठवले होते त्या पंचायत समितीकडे सुधारितही जाऊ द्या.

ठरावात ‘शिल्लक सुधारित करण्यात येत आहे’ एवढेच लिहू नका. असे लिहा : ‘दि. 1 एप्रिल 2025 ची ग्रामनिधीची आरंभीची शिल्लक अंदाजपत्रकात 1,60,000 दर्शविली होती. रोकडवहीनुसार ती 1,39,000 आहे. 21,000 च्या तुटीमुळे पुढील बाबींची तरतूद कमी करण्यात येत आहे.’ आणि खाली त्या बाबी. काहीच कमी केले नाही तर 2025-26 ची अखेर 80,000 वरून 59,000 वर येते. ते चालणार असेल तर तसेही ठरवता येते, पण तेही ठरावात लिहूनच. राखीव टक्क्यांच्या बाबींना मात्र या कपातीत हात लावू नका.

बंधित निधीत आरंभीची शिल्लक 1,10,000 ने वाढवा आणि त्याच ठरावात खर्च बाजूची ‘अपूर्ण कामे’ ही ओळ 2,40,000 वरून 3,50,000 करा.

शेवटची पडताळणी : पाच कागद एका ओळीत ठेवा. नमुना 5 मधले 31 मार्चचे पान, बँक ताळमेळ (हातातली रोख मिळवून), नमुना 3 ची अखेरची शिल्लक, 1 एप्रिलचे रोकडवहीचे पान आणि सुधारित अंदाजपत्रकाची आरंभीची शिल्लक. पाचही ठिकाणी उदाहरणातला 7,09,000 हा एकच आकडा यायला हवा, आणि त्याखालची निधीनिहाय फोडही तीच. मुदत ठेवी असतील तर त्या नमुना 25 मध्ये वेगळ्या दिसतील, या आकड्यात मिसळू नका. हे पाच कागद एकत्र टाचून फाइलला लावा. पुढच्या डिसेंबरमध्ये टप्पा 1 ला बसाल तेव्हा याच फाइलपासून सुरुवात करता येईल.